अंतर्गत व बाह्य मूल्यमापनातील स्वतंत्र उत्तीर्णता

स्वतंत्र उत्तीर्णता म्हणजे एखाद्या विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी आणि बाह्य (सत्रान्त किंवा वार्षिक) परीक्षेसाठी किमान गुण वेगवेगळे ठरवून, दोन्ही ठिकाणी ते मिळविणाऱ्या विद्यार्थ्यासच त्या विषयात उत्तीर्ण घोषित करण्याची पद्धत होय. ज्या घटकासाठी किमान गुण स्वतंत्रपणे ठरविलेले असतात त्यास *उत्तीर्णतेचे शीर्ष* असे म्हणतात. याउलट, दोन्ही घटकांच्या गुणांची बेरीज करून त्या बेरजेवरच निकाल ठरविला जातो तेव्हा तिला *एकत्रित उत्तीर्णता* म्हणतात. महाराष्ट्रातील विद्यापीठे व परीक्षा मंडळे यांनी वेगवेगळ्या काळी या दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. तेच गुण असताना केवळ पद्धत बदलल्याने उत्तीर्ण विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरू शकतो, त्यामुळे आपल्या अभ्यासक्रमास कोणता नियम लागू आहे हे माहीत असणे आवश्यक ठरते.

## पार्श्वभूमी

अंतर्गत मूल्यमापन हे विद्यार्थ्यास शिकविणाऱ्या संस्थेकडून होते. घटक चाचणी, स्वाध्याय, प्रकल्प, तोंडी परीक्षा, चर्चासत्रातील सहभाग ही त्याची नेहमीची साधने आहेत. बाह्य परीक्षेची प्रश्नपत्रिका विद्यापीठ किंवा मंडळ काढते आणि उत्तरपत्रिका सामान्यतः विद्यार्थ्यास न ओळखणारा परीक्षक तपासतो. म्हणजेच एकाच विषयाचे गुण दोन वेगळ्या हातांतून आलेले असतात. त्यांची केवळ बेरीज करावी की प्रत्येकाची स्वतंत्र कसोटी लावावी, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा या प्रश्नाशी दोनदा संबंध येतो. दहावी व बारावीच्या परीक्षा तो महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडून देतो. पदवीला प्रवेश घेतल्यावर त्याचे महाविद्यालय नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येते. या विद्यापीठाची स्थापना १९९४ साली झाली असून नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. मंडळाचे नियम वेगळे आणि विद्यापीठाचे वेगळे. शाळेत असताना ‘पस्तीस मिळाले की पास’ एवढेच मनात ठसलेले असल्यामुळे पदवीच्या पहिल्या गुणपत्रिकेत बेरीज पुरेशी दिसूनही ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा आला, की विद्यार्थी आणि पालक दोघेही गोंधळतात.

## नियम कोण ठरवितो

महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यानुसार चालतो. शैक्षणिक निकषांची जबाबदारी विद्या परिषदेकडे, तर परीक्षांच्या संचालनाची जबाबदारी परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे असते. किमान गुणांचा नियम हा विद्यापीठाच्या अध्यादेशांत व अभ्यासक्रमाच्या नियमावलीत नमूद केलेला असतो. एखाद्या महाविद्यालयास किंवा प्राध्यापकास तो स्वतःहून शिथिल करता येत नाही.

नियम सामान्यतः विद्यार्थ्याच्या प्रवेशाच्या वर्षाशी आणि त्या वर्षीच्या अभ्यासक्रम-आकृतिबंधाशी बांधलेला असतो. आकृतिबंध बदलला तरी जुन्या आकृतिबंधाचे अनुशेष विषय राहिलेले विद्यार्थी काही काळ जुन्याच नियमाने परीक्षा देत असतात. एकाच वर्गखोलीत, एकाच नावाच्या विषयाला बसलेल्या दोन विद्यार्थ्यांना म्हणून दोन वेगळे नियम लागू असू शकतात. शेजारच्या विद्यार्थ्याचा निकाल पाहून आपल्या निकालाचा अंदाज बांधणे यामुळे फसवे ठरते.

## नियमाचे प्रकार

### एकत्रित उत्तीर्णता

या प्रकारात घटकांसाठी वेगळी अट नसते. १०० गुणांच्या विषयात ८० गुण बाह्य आणि २० गुण अंतर्गत असून उत्तीर्णतेची एकत्रित मर्यादा ३५ आहे असे धरू. ज्यास अंतर्गत २० पैकी १८ गुण मिळाले, त्यास लेखी परीक्षेत ८० पैकी फक्त १७ गुण पुरतात. म्हणजे लेखी परीक्षेतील सुमारे २१ टक्के. अंतर्गत गुण जितके सढळ, तितकी लेखी परीक्षेची प्रत्यक्ष कसोटी खाली येते. नियमात लिहिलेली मर्यादा ३५ टक्क्यांची राहते, परंतु व्यवहारात ती अंतर्गत गुण देणाऱ्याच्या हाती जाते.

### समान टक्केवारीची स्वतंत्र उत्तीर्णता

मुंबई विद्यापीठाच्या श्रेयांकाधारित सत्र पद्धतीत हा प्रकार स्पष्टपणे दिसतो. ७५:२५ अशी गुणविभागणी असलेल्या विषयात अंतर्गत २५ पैकी किमान १० आणि सत्रान्त परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण स्वतंत्रपणे मिळविणे बंधनकारक करण्यात आले होते. ६०:४० अशा विभागणीत हीच मर्यादा अनुक्रमे २४ व १६ होती. दोन्ही ठिकाणी प्रमाण ४० टक्केच आहे.

दोन्ही घटकांची किमान टक्केवारी समान असेल, तर तेवढ्याच टक्केवारीची एकत्रित अट वेगळी घालण्याने काहीच फरक पडत नाही. १० आणि ३० मिळविणाऱ्याची बेरीज आपोआप ४० होते. तरीही अनेक नियमावल्यांत ती अट छापलेली आढळते.

### भिन्न टक्केवारी आणि एकत्रित अट

बेळगाव येथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या २०२१ व २०२२ च्या अभियांत्रिकी आकृतिबंधांत तिसरा प्रकार आहे. तेथे अंतर्गत व सत्रान्त या दोन्ही घटकांना प्रत्येकी ५० गुण आहेत. अंतर्गत घटकात ४० टक्के म्हणजे २० गुण, सत्रान्त परीक्षेत ३५ टक्के म्हणजे १८ गुण आणि दोन्ही मिळून १०० पैकी ४० गुण अशा तीन अटी आहेत.

येथे तिसरी अट निरर्थक नाही. ज्यास नेमके २० आणि १८ गुण मिळाले, त्याने दोन्ही स्वतंत्र मर्यादा गाठल्या, पण बेरीज ३८ झाल्यामुळे तो अनुत्तीर्ण ठरतो. त्यास कोणत्याही एका घटकात आणखी दोन गुण हवे होते. सत्रान्त परीक्षेत थोडी सूट द्यावी, पण दोन्ही ठिकाणी काठावरच राहणाऱ्यास पुढे जाऊ देऊ नये, असा या रचनेचा परिणाम आहे.

याच उदाहरणात पूर्णांकाचा प्रश्नही दिसतो. ५० चे ३५ टक्के १७.५ होतात आणि मर्यादा १८ धरली जाते. नियम केवळ टक्क्यांत लिहिलेला असेल आणि अपूर्णांक वर घ्यावा की खाली हे सांगितले नसेल, तर अर्ध्या गुणावरून वाद उद्‌भवतो. म्हणून नियमावलीत टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष गुणसंख्याही छापणे इष्ट मानले जाते.

### शालेय परीक्षांतील स्थिती

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ज्या विषयांना प्रात्यक्षिक आहे, त्यांत लेखी व प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे ३३ टक्के गुण आवश्यक असतात. दहावीला मात्र लेखी व अंतर्गत गुण मिळून ३३ टक्के पुरतात. एकाच मंडळाने दोन इयत्तांसाठी दोन पद्धती स्वीकारल्याचे हे उदाहरण आहे.

## उदाहरण

७५:२५ विभागणी, अंतर्गत किमान १० आणि बाह्य किमान ३० असा नियम असलेल्या एका काल्पनिक वर्गातील पाच विद्यार्थ्यांचे गुण पुढीलप्रमाणे आहेत असे समजू.

| विद्यार्थी | अंतर्गत (२५) | बाह्य (७५) | बेरीज | एकत्रित ४० चा नियम | स्वतंत्र उत्तीर्णता |
|---|---|---|---|---|---|
| अ | २३ | २५ | ४८ | उत्तीर्ण | अनुत्तीर्ण (बाह्य) |
| ब | ६ | ५८ | ६४ | उत्तीर्ण | अनुत्तीर्ण (अंतर्गत) |
| क | १० | ३० | ४० | उत्तीर्ण | उत्तीर्ण |
| ड | १५ | २९ | ४४ | उत्तीर्ण | अनुत्तीर्ण (बाह्य) |
| इ | अनुपस्थित | ४७ | ४७ | उत्तीर्ण | अनुत्तीर्ण (अंतर्गत) |

एकत्रित नियमाने पाचही जण उत्तीर्ण होतात. स्वतंत्र नियमाने एकटा ‘क’ उत्तीर्ण होतो, आणि पाचांत सर्वांत कमी बेरीज त्याचीच आहे. ६४ गुण मिळविणारा ‘ब’ अनुत्तीर्ण आणि ४० गुणांचा ‘क’ उत्तीर्ण, हा निकाल पाहणाऱ्यास अन्यायाचा वाटतो. परंतु स्वतंत्र उत्तीर्णतेत बेरीज ही उत्तीर्णतेची कसोटी नसते. ती दोन्ही शीर्षे ओलांडल्यानंतर श्रेणी ठरविण्यापुरती उपयोगी पडते. श्रेयांक पद्धतीत याचा परिणाम आणखी ठळक होतो. एखाद्या शीर्षात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास त्या विषयाची बेरीज कितीही असली तरी उत्तीर्णतेची श्रेणी मिळत नाही आणि त्या विषयाचे श्रेयांकही त्याच्या खाती जमा होत नाहीत.

‘अ’ आणि ‘ब’ यांची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. ‘अ’ ने सत्रान्त परीक्षा पुन्हा द्यायची असते. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत अशा विद्यार्थ्याचे आधीचे अंतर्गत गुण कायम धरले जातात. ‘ब’ ने लेखी परीक्षेत विषय आल्याचे दाखवून दिले आहे, पण त्यास अंतर्गत चाचणी किंवा तिच्या जागी ठरविलेला प्रकल्प पूर्ण करावा लागतो. तो कधी व कोणत्या स्वरूपात होईल हे महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर अवलंबून असते.

## सवलतीचे गुण

स्वतंत्र शीर्षे असली की सवलतीचे (ग्रेस) गुणही शीर्षानुसार मोजावे लागतात. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश क्रमांक ५०४२-अ मध्ये ५० गुणांपर्यंतच्या शीर्षास कमाल २ आणि ५१ ते १०० गुणांच्या शीर्षास कमाल ३ अशी चढती सवलत आहे. तिला दोन मर्यादा आहेत. सर्व शीर्षांत मिळून दिलेली सवलत त्या परीक्षेच्या एकूण गुणांच्या १ टक्क्याहून अधिक नसावी, आणि सवलतीमुळे विद्यार्थी ती संपूर्ण परीक्षा उत्तीर्ण होत असला पाहिजे.

वरील कोष्टकातील ‘ड’ ला बाह्य शीर्षात एक गुण कमी पडतो. ते शीर्ष ७५ गुणांचे असल्याने तीनपर्यंत सवलत मिळू शकते. सत्रात १०० गुणांचे पाच विषय असतील, तर एकूण गुण ५०० आणि सवलतीची कमाल मर्यादा ५ होते. ‘ड’ इतर चारही विषयांत उत्तीर्ण असेल, तर एका गुणाच्या सवलतीने तो उत्तीर्ण होईल. मात्र दुसऱ्या एखाद्या विषयात तो सवलतीच्या पलीकडे मागे असेल, तर या विषयातील एक गुणही त्यास मिळणार नाही. ‘अ’ ला पाच आणि ‘ब’ ला चार गुण कमी आहेत. ‘ब’ चे शीर्ष २५ गुणांचे असल्याने त्याची मर्यादा दोनच आहे. या दोघांना सवलतीचा उपयोग होत नाही.

## दहावीच्या परीक्षेतील अनुभव (२०१८ ते २०२०)

अंतर्गत गुणांचे निकालातील वजन किती असते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण दहावीच्या परीक्षेत दिसले. २०१८-१९ या शैक्षणिक वर्षापासून राज्य मंडळाने भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन रद्द केले आणि त्यांच्या परीक्षा १०० गुणांच्या लेखी स्वरूपात घेतल्या. मार्च २०१८ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ च्या परीक्षेचा तो ७७.१० टक्के लागला. यानंतर २०१९-२० या वर्षापासून ८०:२० ही विभागणी पुन्हा लागू करण्यात आली आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

हे आकडे सावधपणे वाचावे लागतात. २०१९ साली दहावीचा अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तकेही नवीन होती. २०२० साली कोरोना साथीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन त्या विषयाचे गुण सरासरीने देण्यात आले होते. त्यामुळे निकालातील सर्व चढउतार अंतर्गत गुणांमुळेच झाला असे म्हणता येत नाही. तथापि या निमित्ताने झालेल्या चर्चेत दोन्ही बाजू स्पष्ट झाल्या. एका बाजूचे म्हणणे असे, की शाळांनी दिलेले २० गुण जवळपास सर्वांना सारखेच भरघोस मिळत असल्याने निकाल फुगत होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांना असे गुण मिळत असताना राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना ते नाकारल्यास अकरावीच्या प्रवेशात ते मागे पडतात.

अंतर्गत गुण संपूर्णपणे काढून टाकणे किंवा ते विनाअट बेरजेत धरणे, हे दोन टोकांचे पर्याय आहेत. लेखी परीक्षेसाठी स्वतंत्र किमान मर्यादा ठेवणे हा त्यांमधला मार्ग होय. त्यात अंतर्गत गुणांमुळे एकूण टक्केवारी वाढू शकते, परंतु लेखी परीक्षेतील अपयश त्यांनी झाकले जात नाही.

## अंतर्गत मर्यादेचे दुष्परिणाम

बाह्य घटकास किमान मर्यादा ठेवल्याने सढळ अंतर्गत गुणांचा परिणाम रोखला जातो. अंतर्गत घटकास मर्यादा ठेवण्याचा हेतू वेगळा असतो. विद्यार्थ्याने वर्षभर हजेरी, चाचण्या व स्वाध्याय यांकडे पाठ फिरवू नये, असा तो आहे. या दुसऱ्या मर्यादेतून दोन अडचणी निर्माण होतात.

पहिली अडचण गुण देणाऱ्याची. किमान १० गुण न दिल्यास विद्यार्थी अनुत्तीर्ण होणार हे प्राध्यापकास माहीत असते. त्यामुळे ७ किंवा ८ गुणांची योग्यता असलेल्यासही १० गुण दिले जातात. एखाद्या वर्गाच्या अंतर्गत गुणांची यादी पाहिली असता १० च्या खाली कोणीच नाही आणि नेमक्या १० वर मोठी गर्दी आहे, असे दिसल्यास मर्यादेने मूल्यमापन वाकविले आहे असे ओळखावे. दुसरी खूण म्हणजे अंतर्गत व बाह्य टक्केवारीतील तफावत. वर्गाची अंतर्गत सरासरी ८५ टक्के आणि त्याच विषयातील बाह्य सरासरी ३८ टक्के असेल, तर अंतर्गत गुण विद्यार्थ्यांतील फरक दाखवीत नाहीत असा त्याचा अर्थ होतो.

दुसरी अडचण विद्यार्थ्याची. बाह्य उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीची व पुनर्मूल्यांकनाची मागणी करण्याची सोय विद्यापीठांत असते; अंतर्गत गुणांबाबत तसा मार्ग बहुधा उपलब्ध नसतो. ग्रामीण महाविद्यालयात तर चाचणी चुकण्याची कारणेही वेगळी असतात. सेनगावसारख्या भागात सोयाबीनच्या काढणीचे दिवस आणि पहिल्या सत्रातील चाचण्या एकाच सुमारास येतात. त्या दिवशी शेतात असलेला विद्यार्थी लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवूनही कोष्टकातील ‘इ’ प्रमाणे अनुत्तीर्ण ठरतो. म्हणून अंतर्गत मर्यादा ठेवायची असल्यास चुकलेल्या चाचणीची दुसरी संधी, तिची लेखी नोंद आणि गुण विद्यापीठाकडे पाठविण्यापूर्वी ते विद्यार्थ्यांना दाखविणे, या तीन गोष्टी तिच्यासोबत असणे आवश्यक असते.

## निकालपत्रक तयार करताना

महाविद्यालयीन पातळीवर गुणांची प्राथमिक तपासणी अनेकदा संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये केली जाते. अंतर्गत गुण B आणि बाह्य गुण C या स्तंभात असल्यास पुढील सूत्र पुरेसे वाटते:

```
=IF(AND(B2>=10,C2>=30),"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण")
```

यात एक दोष दडलेला आहे. अनुपस्थित विद्यार्थ्यापुढे AB अशी अक्षरे लिहिण्याची प्रथा आहे आणि स्प्रेडशीटमध्ये तुलना करताना अक्षरे कोणत्याही अंकापेक्षा मोठी मानली जातात. त्यामुळे कोष्टकातील ‘इ’ च्या नावापुढे हे सूत्र ‘उत्तीर्ण’ असे दाखविते. उलट, महाविद्यालयाकडून गुण अद्याप यायचे असल्याने चौकट रिकामी असेल, तर ती शून्य धरली जाऊन विद्यार्थी ‘अनुत्तीर्ण’ दिसतो. वास्तविक त्याचा निकाल राखून ठेवायला हवा. दोन्ही चौकटींत अंक आहेत की नाहीत हे आधी तपासल्यास ही चूक टळते:

```
=IF(COUNT(B2:C2)<2,"तपासा",IF(AND(B2>=10,C2>=30),"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण"))
```

‘तपासा’ असा शेरा आलेल्या प्रत्येक नावाबाबत विद्यार्थी अनुपस्थित होता की गुण पोहोचलेले नाहीत, हे मूळ हजेरीपत्रकावरून ठरवावे लागते. घटकांच्या टक्केवाऱ्या भिन्न असतील, तर AND च्या कंसात बेरजेची तिसरी अटही लिहावी लागते.

## गुणपत्रिका कशी वाचावी

स्वतंत्र उत्तीर्णता लागू असलेल्या गुणपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे अंतर्गत व बाह्य असे दोन स्तंभ आणि बहुधा प्रत्येकाचे किमान गुण दिलेले असतात. बेरजेच्या स्तंभाकडे जाण्यापूर्वी हे दोन स्तंभ पाहावेत. अनुत्तीर्णतेचा शेरा असूनही दोन्ही शीर्षे ओलांडलेली दिसत असतील, तर एकत्रित अट तपासावी. तीही पूर्ण होत असेल, तर गुण नोंदविताना चूक झाली असण्याची शक्यता असते व परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज करता येतो. अंतर्गत स्तंभात शून्य किंवा अनुपस्थितीची खूण असून विद्यार्थ्याने चाचणी दिलेली असेल, तर पहिला अर्ज महाविद्यालयाकडे करावा लागतो, कारण ते गुण तेथूनच विद्यापीठाकडे गेलेले असतात.

## हेही पाहा

- अंतर्गत मूल्यमापन
- श्रेयांक पद्धती
- पुनर्मूल्यांकन
- स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ
- महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ